कोर्स संस्थेने रद्द केला, पत्रात मात्र ‘माझा प्रवेश रद्द करा’

भाचीचा फोन आला तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. ग्राफिक डिझाइनच्या तीन महिन्यांच्या कोर्ससाठी तिने अठरा हजार भरले होते. बॅच सुरू व्हायच्या चार दिवस आधी संस्थेनेच ती रद्द केली, आणि फी परत मागितल्यावर उत्तर आलं की नियमानुसार आठ हजार मिळतील. “मामा, मी पत्र अगदी नीट लिहिलं होतं. पावतीपण जोडली होती,” ती म्हणाली. पत्र तिने खरंच नीट लिहिलं होतं. भाषा नम्र होती, शुद्धलेखन चोख होतं. पण त्या पत्रातल्या एका वाक्याने आणि अर्ध्याच दिलेल्या पुराव्याने तिचे दहा हजार अडकले होते.

मी अकरा वर्षं एका प्रशिक्षण संस्थेच्या हिशेब विभागात होतो. अशी पत्रं माझ्याच टेबलावर यायची. त्यामुळे तिचं पत्र वाचताना ते तिकडच्या माणसाने कसं वाचलं असेल हे मला लगेच दिसलं. ते सविस्तर सांगतो, कारण ही चूक शहाणीसुरती माणसंही करतात.

आधी घडलं काय ते. ४ एप्रिलला तिने नोंदणी शुल्क म्हणून २,००० रोख भरले, पावती क्रमांक ४७०२. १९ एप्रिलला पहिला हप्ता १०,००० मोबाइलवरून, वडिलांच्या खात्यातून गेला. त्याची पावती ४७५८, तिच्या नावावर. २ मे रोजी दुसरा हप्ता ६,०००, पुन्हा वडिलांच्याच खात्यातून. त्याची पावती मिळालीच नाही. “रक्कम मिळाली, पावती वर्गात देऊ” एवढा मेसेज संस्थेच्या नंबरवरून आला होता. बॅच १५ मेपासून होती. ११ मे रोजी सगळ्यांना मेसेज आला की पुरेशी नोंदणी न झाल्यामुळे १५ मेची बॅच रद्द करण्यात येत आहे, पुढील बॅच ऑगस्टमध्ये घेण्याचा विचार आहे.

१४ मे रोजी तिने ईमेलने पाठवलेलं पत्र असं होतं:

“महोदय, मी आपल्या संस्थेत ग्राफिक डिझाइनच्या कोर्सला प्रवेश घेतला होता. परंतु बॅच होणार नसल्याचे कळल्यामुळे मला आता हा कोर्स करणे शक्य नाही. तरी कृपया माझा प्रवेश रद्द करून भरलेली फी परत करावी, ही नम्र विनंती. सोबत फीची पावती जोडली आहे.”

आता हेच पत्र हिशेबाच्या टेबलावरून वाचा. तिथे परताव्याची प्रकरणं दोन वेगळ्या वाटांनी जातात. विद्यार्थ्याने स्वतः माघार घेतली तर ते ‘प्रवेश रद्द’. त्यासाठी छापील नियम असतो, त्यात किती दिवस आधी कळवलं त्यावरून किती टक्के कापायचे ते ठरलेलं असतं आणि नोंदणी शुल्क सहसा परत मिळत नाही. संस्थेने वर्गच घेतला नाही तर ते ‘बॅच रद्द’. तिथे कापायला आधारच नसतो, कारण पैसे ज्यासाठी घेतले ते दिलेलंच नाही. टेबलावरचा माणूस दिवसाला वीस-पंचवीस कागद हातावेगळे करतो. तो शब्द बघतो. “मला कोर्स करणे शक्य नाही” आणि “माझा प्रवेश रद्द करून” हे शब्द दिसले की कागद पहिल्या वाटेने जातो. पत्रातल्या “कळल्यामुळे” या शब्दानेही घात केला. कोणी कळवलं, कधी, कसं, याचा पत्ता नाही. जणू तिने कुठूनतरी ऐकलं आणि मन बदललं.

२९ मे रोजी उत्तर आलं ते बरोब्बर याच वाचनावर उभं होतं. प्रवेश रद्द करण्याच्या नियमानुसार नोंदणी शुल्क देय नाही, आपल्या नावे जमा १०,००० मधून वीस टक्के वजा जाता ८,००० परत देण्यात येतील. दुसऱ्या हप्त्याच्या सहा हजारांचा तर उल्लेखच नव्हता. अठरा हजारांचे आठ हजार होताना एक चूक वाटेची झाली आणि दुसरी पावतीची.

पावतीचं मला अधिक वाईट वाटलं, कारण तिच्या हातात पुरावा होता आणि तो तिने अर्धाच दिला. ईमेलसोबत एकच फोटो होता, ४७५८ क्रमांकाच्या पावतीचा. पाकिटात चार घड्या घालून ठेवलेली ती पावती. आडवी घडी नेमकी क्रमांकावरून गेलेली, आणि तिथली शाई उडालेली. शेवटचा अंक तीन आहे की आठ हे फोटो मोठा करूनही कळत नव्हतं. पत्राच्या मजकुरात क्रमांक लिहिलेला नव्हता. मी त्या टेबलावर असतो तर आधी ४७५३ उघडली असती, दुसऱ्याच कोणाचं नाव दिसलं असतं, आणि कागद ‘नंतर पाहू’च्या ढिगात गेला असता. पहिल्या उत्तराला पंधरा दिवस का लागले याचं हे एक कारण असू शकतं.

म्हणून पावती जोडणं एवढ्यावर भागत नाही. पावतीवर जे लिहिलंय ते पत्रातही उतरवायचं असतं: क्रमांक, तारीख, रक्कम, कोणाच्या नावावर, पैसे कसे भरले. मग फोटो अस्पष्ट असला तरी पत्र बोलतं, आणि पत्र हरवलं तरी पावती बोलते. दोन्हींतले आकडे एकमेकांशी जुळले की समोरच्याला शोधाशोध करावी लागत नाही. छापील पावती गुळगुळीत कागदावर असेल, जशी लहान छपाई यंत्रातून निघते, तर ती मिळाल्या दिवशीच छायाप्रत काढून ठेवावी. असा कागद उन्हात किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात काही महिन्यांत कोरा होऊ शकतो.

पावतीची मागची बाजू तिने पाहिलीच नव्हती. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं: “एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत केली जाणार नाही.” हे वाचून ती हबकली. “मग आपलं काही चालणारच नाही ना?” मी तिला म्हटलं, ही अट वाच आणि मग विचार, कोणाच्या कारणास्तव? अशी अट विद्यार्थी मध्येच सोडून जातो तेव्हा संस्थेचं नुकसान होऊ नये म्हणून छापलेली असते. जागा अडवली, शिक्षकाचे तास ठरले, आणि विद्यार्थी आला नाही, तर संस्थेला तोटा. इथे विद्यार्थी हजर राहायला तयार होता आणि शिकवणारी बाजूच मागे हटली. शिकवलेलं काहीच नाही, तर शिकवण्याची फी ठेवायला काही आधार उरत नाही. म्हणून मागची बाजूही जोडायची, लपवायची नाही. उलट पत्रात आपणच तिचा उल्लेख करून ती इथे का लागू होत नाही हे एका वाक्यात सांगायचं. समोरच्याने ती अट पुढे करण्याआधीच तिचं उत्तर कागदावर असतं.

हे दहा-बारा वर्ग झाल्यानंतर बंद पडलेल्या कोर्सला जसंच्या तसं लागू पडत नाही. तिथे झालेल्या तासांच्या प्रमाणात फी वजा होणं रास्त आहे, आणि पत्रात एकूण किती तास ठरले होते, किती झाले हे लिहावं लागतं. फी कर्जाने भरलेली असेल तर परतावा बहुधा कर्ज देणाऱ्याकडे जातो, आणि त्यांना वेगळं कळवेपर्यंत हप्ते कापले जात राहतात. भाचीच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. एकही वर्ग झाला नव्हता, आणि ती तिची सर्वांत भक्कम बाजू होती. पहिल्या पत्रात नेमकी हीच गोष्ट लिहायची राहिली होती.

बिनपावतीच्या सहा हजारांचं काय करायचं यावर आम्ही बराच वेळ बोललो. तिचं म्हणणं, आधी पावती मागू, मग पैसे. मी नको म्हटलं. बॅच रद्द झाल्यावर कोणीही मागच्या तारखेची पावती फाडायला उत्साही नसतं, आणि त्यात आणखी दोन आठवडे जातील. पावती हा पैसे मिळाल्याचा एक पुरावा आहे, एकमेव नाही. बँकेच्या उताऱ्यात २ मेची नोंद होती, व्यवहार क्रमांकासह. संस्थेचा “रक्कम मिळाली” हा मेसेज होता, तारीख आणि वेळ दिसेल असा. हे दोन कागद एकत्र ठेवले की पावती नसल्याची उणीव भरून निघते. उताऱ्यातल्या बाकीच्या नोंदी मात्र झाकून मगच प्रत काढली. संस्थेला वडिलांचा किराणा आणि औषधांचा खर्च कळायची गरज नाही.

१ जूनला आम्ही दुसरं पत्र लिहिलं. ते पूर्ण देतो.

दिनांक: १ जून

प्रति,
मा. व्यवस्थापक,
(संस्थेचे नाव व पत्ता)

विषय: संस्थेने १५ मेची ग्राफिक डिझाइन बॅच रद्द केल्यामुळे भरलेली पूर्ण फी १८,००० परत मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपला ११ मेचा बॅच रद्द झाल्याचा मेसेज. २) आपले २९ मेचे उत्तर.

महोदय/महोदया,

१५ मेपासून सुरू होणाऱ्या ग्राफिक डिझाइनच्या तीन महिन्यांच्या बॅचसाठी मी नोंदणी केली होती. ही बॅच पुरेशी नोंदणी न झाल्यामुळे रद्द केल्याचे आपण ११ मे रोजी कळवले. या बॅचचा एकही वर्ग झालेला नाही.

माझ्या १४ मेच्या पत्रात “माझा प्रवेश रद्द करून” असे शब्द आले होते. त्यातून मी स्वतः प्रवेश मागे घेतला असा समज झाला असल्यास तो बरोबर नाही. मी माघार घेतलेली नाही. बॅच संस्थेने रद्द केली आहे. त्यामुळे प्रवेश रद्द करण्याचे नियम आणि पावतीच्या मागील बाजूवरील अट या प्रकरणास लागू होत नाहीत. ऑगस्टमधील बॅचमध्ये माझी नोंदणी वळती करू नये.

मी भरलेल्या रकमा अशा:
४ एप्रिल, नोंदणी शुल्क २,०००, रोख, पावती क्र. ४७०२.
१९ एप्रिल, पहिला हप्ता १०,०००, वडिलांच्या खात्यातून, पावती क्र. ४७५८.
२ मे, दुसरा हप्ता ६,०००, वडिलांच्या खात्यातून. याची पावती मिळालेली नाही. बँकेची नोंद व आपला रक्कम मिळाल्याचा मेसेज जोडला आहे.
एकूण १८,००० (अक्षरी अठरा हजार फक्त).

कृपया १६,००० ज्या खात्यातून आले त्याच खात्यात आणि रोख भरलेले २,००० आपल्या पद्धतीप्रमाणे, १६ जूनपर्यंत परत करावेत. वडिलांचे संमतीपत्र सोबत आहे. रक्कम कमी देण्याचे ठरल्यास कोणत्या नियमाने व किती, हे लेखी कळवावे.

आपली विश्वासू,
(नाव, नोंदणी क्रमांक, फोन)

सोबत: १) पावती क्र. ४७०२ व ४७५८, दोन्ही बाजूंच्या छायाप्रती. २) २ मेच्या व्यवहाराचा बँक उतारा. ३) २ मे व ११ मेच्या मेसेजच्या प्रती. ४) वडिलांचे संमतीपत्र.

पत्र एवढंच. तिला आणखी लिहायचं होतं, की या कोर्ससाठी तिने दुसऱ्या एका ठिकाणची संधी सोडली, घरी किती बोलणी बसली. ते खरं होतं आणि तिचं दुःखही खरं होतं. पण फी परत मागण्याच्या पत्रात नुकसानीची मागणी मिसळली की समोरचा सगळाच कागद ‘वादाचा’ म्हणून वर पाठवतो आणि सरळ मिळणारे पैसेही थांबतात. नुकसानभरपाई मागायची असेल तर ती वेगळ्या पत्रात, फी हातात आल्यावर.

विषयाच्या ओळीवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. तिने आधी लिहिलं होतं “फी परत मिळण्याबाबत”. मी त्यात “संस्थेने बॅच रद्द केल्यामुळे” हे शब्द घालायला लावले, कारण आवक नोंदवहीत उतरते ती विषयाची ओळ, आणि पुढचा प्रत्येक जण आधी तीच वाचतो. वाट तिथेच ठरते. ऑगस्टच्या बॅचबद्दलचं वाक्यही मुद्दाम घातलं. पुढच्या बॅचमध्ये बसवण्याच्या प्रस्तावावर गप्प राहिलं की काही ठिकाणी ते होकार धरून फी वळती करून टाकतात. मग पुन्हा तीच लढाई, आणि त्या वेळी आपण गप्प होतो हे आपल्याच विरुद्ध जातं.

वडिलांचं संमतीपत्र म्हणजे दोन ओळी: या दोन रकमा मी माझ्या मुलीच्या फीसाठी भरल्या, परतावा माझ्या खात्यात करावा. खाली सही. खात्याचे शेवटचे चार अंक तेवढे लिहिले, पूर्ण क्रमांक संस्थेकडून विचारणा आल्यावर द्यायचा ठरवला. फी भरणारा एक आणि विद्यार्थी दुसरा असला की हिशेबवाल्याला नेहमी ही शंका असते की चुकीच्या माणसाला पैसे गेले तर माझ्या अंगावर येईल. ती शंका आधीच मिटवलेली बरी.

पत्र ईमेलने पाठवलं आणि छापील प्रत तिने स्वतः नेऊन दिली. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतली. पहिल्या खेपेला तिच्याकडे पोच नव्हती.

५ जूनला हिशेब विभागातून फोन आला. बोलणारी बाई सौजन्याने बोलल्या. बॅच रद्दची वेगळी टिपणी तयार करतो आहोत, पण मूळ पावत्या जमा कराव्या लागतील, असं त्यांनी सांगितलं. भाचीने लगेच हो म्हटलं आणि मग मला फोन केला. मी तिला थांबवलं. मूळ पावती मागणं चूक नाही, एकाच पावतीवर दोनदा परतावा जाऊ नये म्हणून बऱ्याच ठिकाणी ती परत घेतात. पण ती हातातून गेली आणि पैसे आले नाहीत, तर आपल्याकडे उरते फक्त एक झेरॉक्स. ती दुसऱ्या दिवशी मूळ पावत्या घेऊन गेली, दाखवल्या, आणि त्यांच्यासमोर छायाप्रतींवर “मूळ पाहिली” असं लिहून सही-शिक्का घेतला. मूळ पावत्या पैसे मिळताना देईन, असं तिने शांतपणे सांगितलं. त्यांनी ते मान्य केलं. तो अंक तीन की आठ, हेही त्यांनी मूळ पावती उजेडात धरून पाहिलं आणि स्वतःच्या हाताने प्रतीवर आठ लिहिला.

१३ जूनला वडिलांच्या खात्यात १६,००० जमा झाले. पूर्ण. वीस टक्क्यांची वजावट नव्हती, आणि बिनपावतीचे सहा हजारही त्यात आले होते.

राहिले नोंदणी शुल्काचे दोन हजार. १६ जून उलटल्यावर तिने दोन ओळींचं स्मरणपत्र पाठवलं, १ जूनच्या पत्राचा संदर्भ देऊन, नवीन काही न मांडता. २१ जूनला तिला बोलावलं. समोर व्हाउचर ठेवलं गेलं, त्यावर छापील ओळ होती: “माझी संपूर्ण रक्कम मिळाली असून माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.” आकड्याची जागा कोरी होती. तिने सही करायच्या आधी पैसे मोजून घेतले. मग त्या कोऱ्या जागेत स्वतः लिहिलं: “२,००० रोख आज, १६,००० खात्यात १३ जून, एकूण १८,०००.” त्याखाली सही केली, व्हाउचरचा फोटो काढला, आणि घडीवर शाई उडालेली ती पावती दुसरीसोबत टेबलावर ठेवली.